दोरीची लांबी नव्हे, शंकूची उंची

लंबकाचा आवर्तकाल दोरीच्या लांबीवर ठरतो, हे वाक्य शाळेत इतके घोटून घेतले जाते की पुढे लंबक झुलायचे सोडून गोल फिरू लागला तरी तेच त्याला लावले जाते. बारावीच्या भौतिकशास्त्रात शंकू लंबक येतो. दोरीला बांधलेला गोळा आडव्या वर्तुळात एकसारख्या चालीने फिरतो आणि दोरी हवेत एक शंकू रेखते. त्याचे सूत्रही सगळ्यांना पाठ असते: T = 2π√(L cosθ/g). येथे L ही दोरीची लांबी, θ हा दोरीने उभ्या रेषेशी केलेला कोन आणि g हे गुरुत्वत्वरण. सूत्र बरोबरच आहे. त्याचा अर्थ मात्र बहुधा असा लावला जातो की साध्या लंबकाचेच हे सूत्र, त्याला कोनापुरती cosθ ची दुरुस्ती जोडली आहे. मुख्य राशी लांबी आणि कोन हा दुय्यम, असे हे मत आहे. ते चुकीचे आहे हे दाखवून त्याच्या जागी काय मानावे हे मांडण्यासाठी हा लेख आहे.

आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडतो. तो म्हणतो: एक मीटर दोरीचा साधा लंबक सुमारे दोन सेकंदांत एक झोका पूर्ण करतो. तोच गोळा लहान कोनात गोल फिरवला तरी फेरीला दोनच सेकंद लागतात. म्हणजे दोन्ही गतींत राज्य लांबीचेच आहे. कोन वाढला तर वर्तुळ मोठे होते, गोळ्याला जास्त अंतर कापावे लागते, म्हणून वेळ निदान कमी तरी होऊ नये. आणि वेळ कमी करायचाच असेल तर गोळा जोरात फिरवावा. चाल दुप्पट केली की वेळ निम्मा होईल, कारण वेळ म्हणजे अंतर भागिले चाल.

यातली लहान कोनाबद्दलची गोष्ट खरी आहे, तिच्याकडे नंतर वळू. बाकीची दोन अनुमाने सरळ खोटी आहेत. ती खोटी का ठरतात हे पाहिले की मूळ मताचा दोषही उघडा पडतो.

गोळ्यावर दोनच बले आहेत: खाली ओढणारे वजन आणि दोरीच्या दिशेने ओढणारा ताण. गोळा वरखाली होत नाही, म्हणून ताणाचा उभा भाग वजनाइतकाच असला पाहिजे. ताणाचा आडवा भाग वर्तुळाच्या केंद्राकडे असतो आणि गोळ्याला वळवत ठेवण्याचे काम तोच करतो. हे दोन भाग कोणत्या प्रमाणात असतील, ते दोरीच्या तिरपेपणावरून ठरते. दोरी, तिच्या टोकापासून खाली सोडलेला उभा अक्ष आणि वर्तुळाची त्रिज्या मिळून एक काटकोन त्रिकोण होतो. त्याची उभी बाजू म्हणजे शंकूची उंची h आणि आडवी बाजू म्हणजे त्रिज्या r. ताण दोरीच्या दिशेने असल्यामुळे त्याचा आडवा भाग भागिले उभा भाग हे गुणोत्तर बरोबर r/h असते. म्हणून केंद्राकडे मिळणारे त्वरण g × r/h. कोनीय वेग ω असताना त्या वर्तुळात फिरत राहण्यासाठी लागणारे त्वरण ω²r. दोन्ही समान ठेवले की r दोन्हीकडून निघून जातो आणि उरते

ω² = g/h, म्हणजेच T = 2π√(h/g).

या निकालात दोरीची लांबी नाही, कोन नाही, गोळ्याचे वस्तुमान नाही आणि वर्तुळाची त्रिज्याही नाही. आहे ती फक्त उंची: दोरी जिथून निघते तो बिंदू आणि गोळा ज्या पातळीवर फिरतो ती पातळी यांतले उभे अंतर. L cosθ हा या उंचीचाच हिशेब आहे. लांबी आणि कोन सूत्रात वेगवेगळे पराक्रम करत नाहीत. ते दोघे मिळून एकच राशी बनवतात आणि निसर्ग त्या एका राशीकडेच पाहतो.

आता एक मीटरच्या दोरीचे उदाहरण सोडवू. g = ९.८१ मी./से.² घेऊ. दोरी ३० अंशांवर असताना उंची ०.८६६ मीटर आणि त्रिज्या ०.५ मीटर. आवर्तकाल येतो १.८७ सेकंद आणि चाल १.६८ मीटर प्रतिसेकंद. कोन ६० अंश केला तर उंची ०.५ मीटर, त्रिज्या ०.८६६ मीटर, आवर्तकाल १.४२ सेकंद आणि चाल ३.८४ मीटर प्रतिसेकंद. वर्तुळ पावणेदोन पटींच्या आसपास मोठे झाले, तरीही फेरीचा वेळ जवळपास पाऊण हिश्शावर आला. ‘मोठे वर्तुळ म्हणजे जास्त वेळ’ हे अनुमान इथेच कोसळते. त्रिज्या sinθ च्या प्रमाणात वाढते, पण चाल sinθ/√cosθ च्या प्रमाणात वाढते. cosθ एकापेक्षा कमी असल्यामुळे चालीची वाढ अंतराच्या वाढीपेक्षा नेहमीच पुढे राहते. दोरी एकच असेल तर कोन वाढवणे म्हणजे उंची घटवणे, आणि उंची घटली की वेळ घटणारच.

दुसरे अनुमान चालीचे. त्याच दोरीवर ३० अंशांच्या फेरीत असलेली चाल बरोबर दुप्पट करून, म्हणजे ३.३७ मीटर प्रतिसेकंद करून पाहू. चाल वाढली की गोळा त्याच वर्तुळात राहत नाही. दोरी आणखी उघडते आणि ५४.७ अंशांवर स्थिरावते. परीघ ३.१४ मीटरवरून ५.१३ मीटरवर जातो. वेळ येतो ५.१३ भागिले ३.३७, म्हणजे १.५२ सेकंद. वेळ निम्मा, म्हणजे ०.९३ सेकंद, झालाच नाही. तो १.८७ वरून जेमतेम १.५२ वर आला. ‘अंतर भागिले चाल’ हा हिशेब चुकीचा नाही. चूक आहे ती अंतर जागचे हलणार नाही असे गृहीत धरण्यात. शंकू लंबकात चाल, कोन आणि त्रिज्या एकमेकांना बांधलेल्या आहेत. एक हलवली की बाकीच्या दोन्ही हलतात, आणि त्या कशाही हलल्या तरी वेळ शेवटी उंचीलाच विचारावा लागतो.

इथे पूर्वपक्ष मागे सरून लहान कोनाचा आश्रय घेतो. तो म्हणतो, ‘मोठ्या कोनांचे तुम्ही म्हणता तसे असेल. पण कोन लहान असताना शंकू लंबक आणि साधा लंबक एकच वेळ दाखवतात, हे तर तुम्हालाही मान्य आहे. मग लांबीचा नियमच मूळ नियम आणि बाकीचे अपवाद, असे का म्हणू नये?’

आक्षेप वजनदार आहे, म्हणून त्याला सविस्तर उत्तर दिले पाहिजे. लहान कोनात दोन्हींचे वेळ जुळतात, कारण तेव्हा शंकूची उंची आणि दोरीची लांबी जवळपास सारख्याच असतात. जुळणी उंचीच्या नियमातूनच निघते. लांबीच्या नियमातून मात्र मोठ्या कोनाचे वागणे कधीच निघत नाही. शिवाय कोन शून्यापासून थोडा जरी वाढला, तरी हे दोन लंबक एकमेकांच्या उलट दिशांना जातात. साधा लंबक मोठ्या झोक्यात मंद होतो, तर शंकू लंबक जलद होतो. कोन रेडियनमध्ये मोजला तर साध्या लंबकाचा वेळ सुमारे θ²/16 इतक्या अंशाने वाढतो, आणि शंकू लंबकाचा सुमारे θ²/4 इतक्या अंशाने घटतो. म्हणजे चिन्ह उलटे आणि परिणाम चौपट.

याचे कारण बलांतच आहे. साध्या लंबकाला मध्याकडे परत आणणारे बल sinθ च्या प्रमाणात असते, आणि त्याने कापलेला कंस θ च्या प्रमाणात. झोका मोठा झाला की sinθ हा θ च्या मागे पडतो, ओढ अंतराच्या मानाने कमी पडते आणि लंबक रेंगाळतो. शंकू लंबकाला केंद्राकडे ओढणारे बल tanθ च्या प्रमाणात असते, आणि त्रिज्या sinθ च्या प्रमाणात. तिथे कोन वाढला की ओढ अंतराच्या पुढे जाते. शिवाय साधा लंबक मोठ्या कोनावर क्षणभरच असतो, तर शंकू लंबक सारा वेळ त्याच कोनावर फिरत असतो. घड्याळाच्या भाषेत सांगायचे तर शून्याजवळच्या कोनावर वेळ बरोबर लावलेले घड्याळ १० अंशांवर चालवले, तर साध्या लंबकाचे दिवसाला सुमारे पावणेतीन मिनिटे मागे पडेल आणि शंकू लंबकाचे सुमारे ११ मिनिटे पुढे जाईल. कोनाला ‘किरकोळ दुरुस्ती’ मानणाऱ्याने ही ११ मिनिटे कुठे लपवावीत?

लांबीचा मान अर्थात पूर्ण जात नाही. तिचे खरे काम मर्यादा घालण्याचे आहे. उंची कधीही लांबीपेक्षा जास्त होऊ शकत नाही. म्हणून अक्षावरच टांगलेल्या एक मीटर दोरीला फेरीसाठी २.०१ सेकंदांपेक्षा जास्त वेळ घेताच येत नाही. उभ्या दांड्याच्या टोकाशी मधोमध अशी दोरी बांधून दांडा हळूहळू फिरवू लागलो, तर मिनिटाला सुमारे ३० फेऱ्यांच्या आत गोळा बाहेर येऊन शंकू धरूच शकत नाही. तो सरळ लोंबकळत राहतो. त्यापुढे मात्र तो उघडू लागतो. लांबी मोठी असेल तर हा उंबरठा खाली येतो, इतकेच. उंबरठ्यापलीकडे वेळ कोणता असेल हे लांबी सांगत नाही.

दुसऱ्या टोकालाही अशीच मर्यादा आहे. पुरेशा वेगाने फिरवले की दोरी अगदी आडवी होते, असे अनेक जण समजतात. आडवी दोरी म्हणजे शून्य उंची, आणि शून्य उंची म्हणजे शून्य वेळ व अमर्याद चाल. बलांच्या बाजूने पाहिले तरी तेच दिसते: आडव्या ताणाला उभा भागच नाही, मग गोळ्याचे वजन कोण पेलणार? ८५ अंशांवर एक मीटर दोरीची उंची ८.७ सेंटिमीटर उरते, वेळ ०.५९ सेकंद होतो आणि दोरीतला ताण गोळ्याच्या वजनाच्या साडेअकरा पट होतो. त्यापुढे गोळा ९० अंशांच्या जवळ सरकत राहतो, पोहोचत कधीच नाही.

उंचीचा हा नियम नवा नाही. क्रिस्तियान हायगेन्सने १६५९ मध्येच वर्तुळगतीचा हा अभ्यास केला होता. १६७३ मध्ये त्याचा ‘होरोलॉजियम ऑसिलेटोरियम’ हा ग्रंथ निघाला, आणि त्याच्या अखेरीस त्याने वर्तुळगतीतल्या बलाविषयीचे १३ सिद्धांत दिले. सिद्धता त्यात नव्हत्या. त्या १६९५ मधील त्याच्या मृत्यूनंतर, १७०३ मध्ये प्रसिद्ध झाल्या. दोऱ्यांची लांबी वेगळी असली तरी शंकूंची उंची सारखी असेल तर फेरीचा वेळ सारखाच, ही गोष्ट त्या सिद्धांतांत स्पष्ट मांडलेली आहे.

हायगेन्स एवढ्यावर थांबला नाही, आणि माझ्या मते त्याची पुढची पायरी हा या वादातला सर्वांत निर्णायक पुरावा आहे. त्याला शंकू लंबकावर चालणारे घड्याळ हवे होते. अडचण उघड होती: चालना थोडी कमीजास्त झाली की कोन बदलणार, उंची बदलणार आणि वेळ बिघडणार. लांबीचा नियम मानणारा म्हणेल, दोरी घट्ट एकाच लांबीची ठेवा. हायगेन्सने नेमके उलटे केले. दोरीचा वरचा भाग त्याने अक्षाबरोबर फिरणाऱ्या एका वक्र पट्टीवर टेकवला. गोळा बाहेर गेला की दोरी पट्टीवरून सुटते आणि तिचा मोकळा भाग लांब होतो. पट्टीचा आकार असा निवडला होता की गोळा नेहमी एका अन्वस्तावर, म्हणजे पॅराबोलावर राहील. अन्वस्ताचा एक गुण असा आहे: त्याच्या कोणत्याही बिंदूपाशी वक्राला लंब असलेली रेषा काढली, तर ती अक्षाला जिथे भेटते तो बिंदू मूळ बिंदूपेक्षा दरवेळी तितक्याच उंचीवर असतो. ताणलेली दोरी ही इथे ती लंब रेषा. म्हणून गोळा कितीही बाहेर गेला तरी h तेच राहते. या रचनेत मोकळ्या दोरीची लांबी बदलते, कोन बदलतो, त्रिज्या बदलते, चालही बदलते. बदलत नाही ती एकटी उंची, आणि म्हणून बदलत नाही तो वेळ. लांबी खरोखर सत्ताधारी असती तर हे घड्याळ कल्पनेतही चालले नसते.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हा नियम वेगळ्या वेशात भेटतो. जेम्स वॅटने १७८८ मध्ये वाफेच्या एंजिनाला फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर जोडला. गोळे उघडले की वाफेची झडप आवळली जाते, मिटले की सैल होते. त्याचे पाठ्यपुस्तकी सूत्र h = 895/N² असे आहे. h मीटरमध्ये आणि N म्हणजे मिनिटाला फेरे. हे आपल्या ω² = g/h चेच रूप आहे. मिनिटाला ६० फेऱ्यांना उंची २४.८ सेंटिमीटर, १२० ला ६.२ आणि २४० ला अवघी दीड सेंटिमीटर. वेग वाढेल तशी उंची इतकी आक्रसते की थोड्या वेगबदलाने झडप हलवण्याइतकी हालचालच उरत नाही. हात लांब करून काही साधत नाही, गोळे जड करूनही नाही, कारण सूत्रात दोन्ही नाहीत. म्हणूनच पुढे पोर्टरच्या गव्हर्नरमध्ये अक्षावर वरखाली सरकणारे वेगळे वजन घालावे लागले. ते वजन गोळ्यांना खाली खेचते, पण स्वतः वर्तुळात फिरून केंद्राकडे ओढ मागत नाही. म्हणून उंची आणि वेग यांचे नातेच बदलते.

आता एक प्रामाणिक अडचण. दोरी अक्षावर टांगलेली नसेल तर? जत्रेतल्या फिरत्या पाळण्यात खुर्च्यांच्या साखळ्या चक्राच्या कडेला लावलेल्या असतात. तिथे चक्र अगदी हळू फिरले तरी खुर्च्या थोड्या बाहेर झुकतात, वर सांगितलेला उंबरठा तिथे लागू पडत नाही. पण उंचीचा नियम तिथेही टिकतो, फक्त h कुठून मोजायचे ते समजून घ्यावे लागते. साखळीची रेषा वरच्या बाजूला वाढवून ती अक्षाला जिथे भेटेल, तिथून खुर्चीच्या पातळीपर्यंतचे उभे अंतर म्हणजे h. त्याचे मूल्य पुन्हा g/ω² हेच. साखळीच्या लांबीवरून वेळ काढू पाहणाऱ्याच्या हाती मात्र इथे काहीच लागत नाही.

हीच गोष्ट प्रयोगशाळेत न ओळखल्यामुळे आकडे बिघडतात. विद्यार्थी दोरी हातात धरून गोळा फिरवतात, आणि हातही नकळत लहान वर्तुळात फिरतो. एक मीटर दोरी ३० अंशांवर असताना हात गोळ्याच्याच बाजूला पाच सेंटिमीटर सरकत फिरत असेल, तर त्रिज्या ५५ सेंटिमीटर होते. शंकूचे खरे टोक हाताच्या वर जाते आणि उंची ०.८६६ ऐवजी ०.९५३ मीटर होते. मोजलेला वेळ १.९६ सेकंद भरेल. हाताखालची उंची धरून g काढला तर ८.९२ येईल, आणि दोष बिचाऱ्या घड्याळाला दिला जाईल. दोरी पक्क्या आधाराला बांधली तर हा दोष जातो. दुसरा दोष हवेच्या विरोधाचा. फेऱ्या मोजता मोजता कोन घटतो, उंची वाढते आणि शेवटच्या फेऱ्या पहिल्यांपेक्षा सावकाश होतात. म्हणून फेऱ्या थोड्या मोजाव्यात आणि उंची सुरुवातीला व शेवटी दोन्हीदा घ्यावी. तिसरा दोष लंबवर्तुळाचा. गोळ्याची पातळी फेरीत दोनदा वर आणि दोनदा खाली जाताना दिसली, तर तो शंकू लंबक नव्हेच. ते मोजमाप टाकून द्यावे.

दोन मतांत निवाडा करण्याची रीतही यातूनच मिळते. वेगवेगळ्या लांबीच्या दोऱ्या वेगवेगळ्या कोनांवर फिरवाव्यात आणि T² चा आलेख आधी लांबीशी काढावा. बिंदू विखुरतील. मग तोच T² उंचीशी काढावा. सगळे बिंदू आरंभबिंदूतून जाणाऱ्या एका सरळ रेषेवर येतील, आणि तिचा चढ 4π²/g, म्हणजे मीटरमागे सुमारे ४.०२ सेकंदवर्ग, असेल. एक मीटरची दोरी ६० अंशांवर आणि ६० सेंटिमीटरची दोरी ३३.६ अंशांवर, या दोन्हींची उंची ५० सेंटिमीटर आहे. एक दोरी दुसरीपेक्षा ४० सेंटिमीटर लांब, तरी दोघींची फेरी १.४२ सेकंदांचीच.

म्हणून माझे म्हणणे असे की शिकवताना T = 2π√(h/g) हेच सूत्र पुढे ठेवावे आणि h = L cosθ ही ओळ त्याखाली, उंची काढण्याची एक रीत म्हणून, यावी. साध्या लंबकाची लांबी आणि शंकू लंबकाची उंची सूत्रात एकाच जागी बसतात, पण त्या एकच राशी नाहीत. हा क्रम पाळला तर कोन वाढल्यावर वेळ का घटतो, दोरी आडवी का होत नाही, मंद दांड्यावर गोळा का उघडत नाही आणि वॅटचे गोळे जड केल्याने काहीच का साधत नाही, ही चारही उत्तरे एका ओळीतून निघतात. लांबीला मुख्य मानले तर या प्रत्येकासाठी वेगळा अपवाद पाठ करावा लागतो.